तारीख चुकलेल्या पोस्टची दुरुस्ती: शहापूरच्या साडी प्रदर्शनाचा अनुभव

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या काही विणकर कुटुंबांनी मिळून 2025 च्या दिवाळीआधी दोन दिवसांचं साड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यांचं इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं लिखाण मी बघत होते. प्रदर्शन होतं शनिवार 11 आणि रविवार 12 ऑक्टोबरला. पहिली पोस्ट मात्र रात्री गटातल्या एका मुलाने डिझाइन हातात आल्याआल्या टाकली, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत होतं: "12 व 13 ऑक्टोबर, शनिवार-रविवार". सकाळपर्यंत ती पोस्ट खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लजच्या ग्रुपांवर पोचली होती. चंदगडकडच्या एका बाईंनी खाली विचारलं होतं, "13 ला सोमवार येतोय की. नेमकं कधी येऊ?"

चूक आली कुठून ते लगेच कळलं. आदल्या वर्षी, म्हणजे 2024 मध्ये, हेच प्रदर्शन दसऱ्याला जोडून घेतलं होतं. तेव्हा दसरा होता शनिवारी, 12 ऑक्टोबरला. डिझाइन करणाऱ्याने तीच जुनी फाइल उघडली, साड्यांचे फोटो बदलले, वर्ष काढून टाकलं आणि तारीख-वार तसेच ठेवले. वर्षाचे 365 दिवस म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. जुनी फाइल वापरली की ही चूक अशीच होते, आणि तारखेजवळ वार छापलेला असेल तर ती पकडताही येते. वार लिहिलेला नसता तर त्या बाईंना शंकाच आली नसती.

पण वार लिहिल्यामुळे एक गुंताही झाला होता. काही लोक वार लक्षात ठेवतात, काही तारीख. वार धरणारा शनिवार-रविवारी बरोबर येणार होता. तारीख धरणारा रविवार-सोमवारी. म्हणजे चुकीची पोस्ट वाचून अर्धे लोक बरोबरच समजले होते, आणि रविवार 12 तर दोन्ही बाजूंना होता. अशा वेळी "तारीख चुकली आहे" एवढंच लिहिलं तर जो बरोबर समजलाय तोही गोंधळतो. दुरुस्तीत नेमकं काय खरं आहे आणि काय खोटं आहे, हे दिवसागणिक सांगावं लागणार होतं.

पोस्टला हात लावण्याआधी मी हॉलची पावती मागून घेतली. गटातल्या तिघांना फोन केला असता तर तिघांनी तीन उत्तरं दिली असती. पावतीवर 11 आणि 12 लिहिलेलं होतं, आणि हॉल रविवारी रात्रीच रिकामा करून द्यायचा होता. दुरुस्तीची दुरुस्ती करायची वेळ आली तर लोक तिसऱ्या पोस्टवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून हा कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एक अक्षर टाइप करत नाही. त्याच वेळी पोस्टमधलं बाकी सगळंही ताडून घेतलं, आणि तिथे दुसरी चूक सापडली: एका सुती साडीचा दर 1,540 ऐवजी 1,450 छापला होता. तिच्याकडे पुढे येते.

गटातल्या काकांचं म्हणणं होतं, "पोस्ट काढून टाक, नवीन टाक, संपलं." त्यांची घाई मला समजत होती, पण मी थांबवलं. पोस्ट काढली तर तिच्याखालचे सगळे प्रश्न, दर विचारणारे, "येतो" म्हणणारे, सगळे जातात, आणि त्यांच्याशी बोलायचा धागाच तुटतो. ज्यांनी ती सेव्ह करून ठेवली किंवा कुणाला पाठवली, त्यांना पोस्ट उपलब्ध नाही असं दिसतं. अशा वेळी माणूस काय समजतो? प्रदर्शन रद्द झालं. आणि ज्यांनी चित्राचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलाय, त्यांच्याकडे चुकीची तारीख राहतेच. पोस्ट टाकून दहा मिनिटं झाली असती आणि कुणी बघितली नसती तर मीही काढूनच टाकली असती. रात्रभर फिरलेल्या पोस्टला ते चालत नाही.

अडचण अशी की इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकल्यानंतर खालचा मजकूर बदलता येतो, पण चित्राच्या जागी दुसरं चित्र बसवता येत नाही. मजकुरात 11-12 आणि चित्रात 12-13, असं राहिलं तर लोक चित्रावरच विश्वास ठेवतात, कारण मजकूर वाचतं कोण! सुदैवाने ती पोस्ट पाच चित्रांची होती. पहिल्यावर तारीख, पुढच्या चारांवर साड्या. अनेक चित्रांच्या पोस्टमधून एखादं चित्र काढता येतं. एडिटमध्ये जाऊन त्या चित्रापर्यंत सरकायचं, कोपऱ्यात कचरापेटीचं चिन्ह येतं. तारखेचं चित्र काढलं, चुकीच्या दराचं काढलं, आणि उरलेल्या तीन साड्या, खालचे सगळे प्रश्न आणि लाइक तसेच राहिले. पोस्ट एकाच चित्राची असती तर मजकूर दुरुस्त करून, विचारणाऱ्यांना उत्तरं देऊन, मग ती अर्काइव्हमध्ये टाकली असती. तिथे पोस्ट लोकांना दिसत नाही, पण आपल्याकडे कॉमेंटसह शाबूत राहते.

मग मजकूर. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला, आणि जायलाच हवा होता. गटाकडून आधी एक मसुदा आला होता:

"सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की काल प्रसिद्ध केलेल्या पोस्टमध्ये नजरचुकीने 12 व 13 ऑक्टोबर असे छापले गेले असून प्रदर्शन प्रत्यक्षात 11 व 12 ऑक्टोबर रोजी होणार आहे, तरी झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

यात खोटं काहीच नाही, तरी हा मजकूर लोकांना चुकीच्या दिवशी आणेल. इन्स्टाग्रामवर मजकुराची सुरुवात तेवढी दिसते, साधारण सव्वाशे अक्षरं, बाकीचं दाबून उघडावं लागतं. या मसुद्यात तेवढ्या जागेत चुकीची तारीख आहे आणि खरी तारीख घडीच्या आत लपली आहे. जो उघडणार नाही तो 12 व 13 वाचूनच पुढे जाईल. शिवाय चार आकडे एकाच वाक्यात आले की 12 नेमका कुठल्या बाजूचा, हे फोनवर सरकवत वाचणाऱ्याला कळत नाही. मी लिहिलं ते असं:

"तारीख दुरुस्ती: प्रदर्शन शनिवार 11 आणि रविवार 12 ऑक्टोबरलाच आहे. सोमवारी 13 ला हॉल बंद असेल.
वेळ सकाळी 10 ते रात्री 8. ठिकाण तेच.
आमच्या आधीच्या चित्रात तारीख चुकीची छापली होती. ते चित्र कुणाला पाठवलं असेल तर कृपया हे नवीन पिवळं पत्रक त्यांना पाठवा. क्षमस्व."

पहिल्या ओळीत फक्त खरी तारीख, वारासकट. तिच्यामागोमाग सोमवारचा नकार, कारण नुसत्या खऱ्या तारखेने सोमवारचा माणूस थांबत नाही. त्याला वाटतं आणखी एक दिवस वाढवला असेल. चुकीची जोडी "12 व 13" मी पुन्हा कुठेच लिहिली नाही. मग जे बदललेलं नाही ते: वेळ तीच, जागा तीच. हे सांगितलं नाही तर हॉलही बदललाय का, असे फोन सुरू होतात. चूक झाली हे कबूल करणारं वाक्य हवंच, पण ते खाली, एका ओळीत, आणि चूक आमची आहे अशा सरळ शब्दांत. प्रदर्शन पुढे ढकललंय किंवा मागे आणलंय असं वाटेल असा एकही शब्द नको. तारीख पहिल्यापासून 11-12 च होती, छपाई चुकली होती, हे कळलं की लोक कारणं शोधत बसत नाहीत. दिलगिरी शेवटी एका शब्दात घातली, ती लांबवली नाही.

बेळगावात हे एका भाषेत करून भागत नाही. आमच्या मूळ पोस्टमध्ये कन्नडमधल्या दोन ओळी होत्या आणि त्यांतही तीच चुकीची तारीख होती. मराठीत दुरुस्त करून कन्नड तशीच ठेवली तर एकाच पोस्टमध्ये दोन तारखा दिसतात, आणि वाचणाऱ्याला दोन्ही खोट्या वाटतात. म्हणून आधी दोन्ही मजकूर वहीत तयार केले आणि मग एकाच वेळी बदलले. कन्नड ओळी एका विणकराच्या मुलीने लिहून दिल्या. तिने रविवारला "भानुवार" न लिहिता "रविवार"च लिहिलं, कारण आमच्याकडच्या कन्नडमध्ये लोक तसंच म्हणतात. चिकोडी-गोकाकच्या गिऱ्हाइकाला तेच चटकन कळतं.

आकड्यांची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. डिझाइनमध्ये देवनागरी आकडे होते. मराठी शाळेत न शिकलेल्या माणसाला देवनागरीतला एक इंग्रजीतल्या नऊसारखा दिसतो आणि देवनागरीतला चार इंग्रजीतल्या आठसारखा. सुती साडीचा दर देवनागरीत वाचून आधीही दोन कन्नड गिऱ्हाइकांनी भलताच आकडा सांगितला होता. दुरुस्तीत हा धोका पत्करायचा नाही म्हणून नव्या पत्रकावर तारीख, वेळ, दर, फोन, सगळं इंग्रजी आकड्यांत घेतलं. मराठी मजकूर देवनागरीत आणि आकडे इंग्रजीत असल्याने इथल्या कुणालाच अडखळायला होत नाही.

नवीन पत्रकाचा रंग बदलायचा आग्रह माझाच होता. जुनं पत्रक मरून रंगाचं होतं. डिझाइन करणाऱ्याने फक्त तारीख बदलून तेच मरून पत्रक परत पाठवलं. मी ते घेतलं नाही. दोन्ही पत्रकं एकाच ग्रुपमध्ये एकाखाली एक फिरणार असतील, तर फोनच्या छोट्या चौकटीत ती सारखीच दिसतात, आणि लोक "हे आलंय आधीच" म्हणून नवीन उघडतच नाहीत. पिवळ्या रंगावर घेतल्यावर फोनवर सांगणं सोपं झालं. गटातल्या वहिनी गिऱ्हाइकांना म्हणायच्या, "मावशी, लाल कागद सोडा, पिवळा बघा, पिवळ्यावरची तारीख खरी." पत्रकाच्या वरच्या पट्टीत "योग्य तारीख" एवढंच ठेवलं. पत्रक मजकुराशिवाय एकटंच पुढे पाठवलं जातं, म्हणून सोमवारी बंद ही ओळसुद्धा चित्रातच घेतली.

या सगळ्यात एक गोष्ट विसरली जाते: मजकूर बदलला म्हणून कुणाच्याही फोनवर काही वाजत नाही. ज्याने काल रात्री पोस्ट बघितली आणि मनात सोमवार धरला, तो परत त्या पोस्टवर येणारच नाही. दुरुस्त मजकूर नव्याने येणाऱ्यांसाठी असतो. आधी बघून गेलेल्यांपर्यंत आपणच जावं लागतं. मी पोस्टखालच्या प्रत्येक "येतो", "कधी", "कुठे"ला वेगळं उत्तर दिलं, कारण उत्तर दिलं की त्या माणसाला सूचना जाते. सगळ्यांना एकच मजकूर चिकटवला नाही. ज्यांनी 13 म्हटलं होतं त्यांना "सोमवारी बंद आहे, शनिवारी किंवा रविवारी या", ज्यांनी रविवार म्हटलं होतं त्यांना "तुमचा दिवस बरोबर आहे". दुसरं वाक्य लिहायला कंटाळा येतो, पण ते लिहिलं नाही तर दुरुस्तीची बातमी ऐकून बरोबर असलेला माणूसही आपला दिवस बदलतो. चंदगडच्या बाईंना आधी उत्तर दिलं आणि आभार मानले. स्टोरीवर टाकलेलं जुनं पत्रक मात्र काढूनच टाकलं. स्टोरीत दुरुस्ती होत नाही आणि तिच्यावर कुणाची चर्चाही चाललेली नसते.

फेसबुकवर त्या पोस्टला थोडे पैसे घालून जाहिरात लावलेली होती. ती आधी थांबवली. चुकीच्या तारखेवर पैसे जाळत राहणं तर वाईटच, पण जाहिरात चालू ठेवून खालचा मजकूर बदलायला गेलं की अडचण येते, म्हणून आधी थांबवा, मग बदला, हा क्रम मी ठेवते. नवीन जाहिरात पिवळ्या पत्रकावर नव्याने लावली. ती मंजूर व्हायला वेळ लागतो हे धरून सकाळीच पाठवली. फेसबुकवर बदललेल्या पोस्टचा जुना मजकूर लोकांना उघडून बघता येतो. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, चूक झाली हे आम्ही खाली लिहिलंच होतं.

व्हॉट्सअॅपवर काम सगळ्यात अवघड होतं. तिथे पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, आमची रात्र उलटून गेली होती. सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवसांची मुदत असते, तेव्हा तसं करणं शक्य होतं, पण मी करू दिलं नाही. पुढे पाठवलेल्या प्रती त्याने जात नाहीत. आणि ग्रुपमध्ये नुसतं "हा मेसेज डिलीट केला" राहिलं की लोकांना काय चुकलं ते कळत नाही. त्याऐवजी आमचाच जुना मेसेज धरून त्याला उत्तर म्हणून पिवळं पत्रक टाकलं. त्यामुळे चुकीचं आणि बरोबर एकाच चौकटीत, वर-खाली दिसलं. दुसऱ्यांच्या ग्रुपांत, जिथे आम्ही नव्हतो, तिथे पोचायला ज्यांनी पुढे पाठवलं असेल त्यांचीच मदत लागणार होती. म्हणूनच मजकुरात ती विनंती होती. खानापूरच्या एका शिक्षिकेने आपल्या सगळ्या ग्रुपांवर आपणहून टाकलं आणि मला कळवलंही.

आता दराची गोष्ट. तारीख चुकली तर बरोबर तारीख सांगून भागतं. दर चुकला, आणि तोही कमी छापला गेला, तर पहिला प्रश्न मजकुराचा नसतो, हिशेबाचा असतो. 1,450 बघून रात्रीच दोघींनी आगाऊ पैसे पाठवले होते. गटातल्या एका काकांना वाटत होतं, "छपाईची चूक आहे, वरचे नव्वद रुपये मागून घेऊया." मी म्हटलं, "काका, त्यांनी आपला छापलेला दर बघून पैसे दिलेत. आता वरचे मागितले तर शहापुरात सगळीकडे तेच बोललं जाईल." दोन साड्यांचा फरक होता एकशे ऐंशी रुपये. शेवटी ठरलं की त्या दोघींना 1,450 लाच द्यायची. ते ठरल्यावरच मजकूर लिहिता आला:

"दर दुरुस्ती: निळी सुती साडी 1,540 रुपये. बाकीच्या साड्यांचे दर पोस्टमध्ये आहेत तेच. आज सकाळी 9 च्या आधी ज्यांनी पैसे भरलेत त्यांना ती 1,450 लाच मिळेल."

इथे चुकीचा दर लिहावा लागला, कारण दोघींना आपला दर कळायला हवा होता. वेळेची सीमा लिहिली नसती तर प्रदर्शनात प्रत्येकजण "मीपण रात्रीच बघितली होती" म्हणाला असता. आणि साडीला नाव दिलं, निळी सुती, कारण नुसतं "एका साडीचा दर" म्हटलं की लोकांना वाटतं सगळेच दर वाढले. ही दुरुस्ती तारखेच्या दुरुस्तीत मिसळली नाही. एकाच पोस्टमध्ये तारीख आणि दर दोन्ही बदलल्याचं दिसलं तर उरलेल्या कशावर विश्वास ठेवायचा, असा प्रश्न पडतो. म्हणून पोस्टच्या मजकुरात फक्त तारीख, आणि दराची दुरुस्ती त्या साडीच्या नव्या फोटोसह वेगळ्या पोस्टमध्ये, दुपारी.

एवढं करूनही कुणीतरी सोमवारी येणार, हे धरूनच चालायला हवं होतं. शेवटच्या स्क्रीनशॉटपर्यंत कुणी पोचू शकत नाही. म्हणून रविवारी रात्री हॉल रिकामा करताना दारावर मराठी-कन्नडमध्ये कागद लावला: प्रदर्शन काल संपलं, उरलेल्या साड्या वडगावात अमुक घरी बघायला मिळतील, आणि खाली फोन नंबर. सोमवारी दुपारी त्या नंबरवर गडहिंग्लजकडून आलेल्या एका कुटुंबाचा फोन आला. त्यांच्याकडे मरून पत्रक होतं, भाचीने पाठवलेलं. वहिनींनी त्यांना घरी बोलावलं, चहा दिला, गाठोडी सोडून साड्या दाखवल्या. ते चिडलेले नव्हते. दारावर कागद आणि नंबर होता म्हणून परत जावं लागलं नाही, असं वहिनींना म्हणाले.

प्रदर्शन संपल्यावर इन्स्टाग्रामची ती पोस्ट आम्ही तशीच राहू दिली, फक्त मजकुराच्या वर "प्रदर्शन संपलं" अशी ओळ जोडली, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी तीच शेअर केली असती. डिझाइन करणाऱ्याला सांगून मूळ फाइलमधली तारीख, वार आणि दर पुसून तिथे रिकामी चौकट ठेवून घेतली, म्हणजे भरल्याशिवाय ती छापताच येणार नाही. फाइलच्या नावात वर्षही घातलं.